पाणी नेमकं कुठलं? भिजलेल्या मालाच्या विमा दाव्याचं एक प्रकरण

माल भिजून आला की आयातदार विमा कंपनीला बहुतेक एकाच थाटाचं पत्र लिहितो: माल ओला आला, इतकं नुकसान झालं, कागद जोडले आहेत, भरपाई द्यावी. असं पत्र खोटं नसतं. पण क्लेम तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न त्यात सुटत नाही. हे पाणी कुठलं होतं, कुठून आत आलं आणि केव्हा? या प्रश्नाचं उत्तर पत्रात नसेल तर तो ते स्वतः शोधायला लागतो, आणि त्याला सापडणारं उत्तर दावेदाराच्या सोयीचं असेलच असं नाही.

खालचं प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. आकडे हिशेब सोपा पडावा म्हणून गोल ठेवलेत. पण त्यातली प्रत्येक अडचण या कामात नेहमी भेटणारी आहे.

माल आणि पॉलिसी

वीस फुटी कंटेनरमध्ये छपाईच्या कोटेड कागदाची 20 पॅलेट, दोन थरांत रचलेली. प्रत्येक पॅलेटवर 25 किलोची 40 खोकी. खरेदी सीआयएफ अटीवर, म्हणजे विमा विक्रेत्याने काढलेला. इनव्हॉइसची रक्कम 24,000 डॉलर, विम्याची रक्कम तिच्या 110 टक्के म्हणजे 26,400 डॉलर. खोक्यामागे विमा मूल्य 33 डॉलर पडतं.

इथे आयातदाराने सौदा करतानाच एक शहाणपणाची गोष्ट केली होती. सीआयएफ अटीत विक्रेत्यावर फक्त किमान संरक्षणाचं बंधन असतं, आणि ते म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या मालविम्याच्या ठरावीक अटींचा ‘सी’ संच. त्यात जहाज बुडणं, आग, टक्कर अशी मोठी संकटं येतात, पण कंटेनरमध्ये पाणी शिरणं येत नाही. ‘बी’ संचात समुद्राचं, तळ्याचं किंवा नदीचं पाणी आत शिरणं येतं, पण पावसाचं येत नाही. आयातदाराने करारात ‘ए’ संच लिहून घेतला होता. त्यात नावानिशी वगळलेल्या कारणांखेरीज वाटेतलं सगळं अपघाती नुकसान बसतं. ‘सी’ संच असता तर पुढचं काहीच लिहायची गरज उरली नसती.

‘ए’ संच हातात आहे म्हणजे पाणी कुठलंही असलं तरी चालेल, असा समज मात्र सर्रास आढळतो. ‘ए’ संचातही मालाचा अंगभूत दोष आणि अपुरं पॅकिंग वगळलेलं असतं. कंटेनरच्या आतली ओल मालातूनच किंवा पॅकिंगमधूनच निघाली असेल, तर तिचं पाणी झालं तरी ते बाहेरून आलेलं संकट ठरत नाही. इंग्लंडमधल्या अपील न्यायालयाने 1990 साली नोटेन विरुद्ध हार्डिंग या खटल्यात हेच ठरवलं. चामड्याच्या हातमोज्यांतली ओल वाफ होऊन कंटेनरच्या छताला लागली, तिथे गार होऊन पुन्हा हातमोज्यांवरच ठिबकली, आणि विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी आली नाही. थेंब वरून पडले होते, तरी ते मालाचेच होते.

डिलिव्हरीचा दिवस

कंटेनर 4 मार्चला गोदामात आला. गोदाम प्रमुखाने सीलचा क्रमांक जहाज कंपनीने दिलेल्या मालपावतीशी, म्हणजे बिल ऑफ लेडिंगशी, ताडून पाहिला, तो जुळला. चारही बाजू ठीक होत्या. दार उघडल्यावर ओल्या कागदाचा वास आला आणि आत, समोरच्या टोकाला, छतातून उजेडाची एक तिरीप दिसली. त्याने उतरवणं तिथेच थांबवलं. एकही पॅलेट न हलवता आतले फोटो घेतले, छताचा फोटो शिडीवरून घेतला, तुटलेलं सील पिशवीत घालून ठेवलं. ट्रकचालकाने पुढे केलेल्या डिलिव्हरीच्या पावतीवर सही करण्याआधी लिहिलं: ‘छताला छिद्र, आतला माल ओला, संयुक्त पाहणीचा हक्क राखून स्वीकारला.’

ही एक ओळ पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. कार्गो पॉलिसीवर दावेदारासाठी सूचना छापलेल्या असतात. मालाच्या स्थितीबद्दल शंका असेल तर लेखी हरकत नोंदवल्याशिवाय स्वच्छ पावती देऊ नये, कंटेनरचं सील लगेच तपासावं, नुकसान डिलिव्हरीच्या वेळी दिसत नसेल तर वाहतूकदाराला तीन दिवसांत लेखी कळवावं, असं त्यात म्हटलेलं असतं. या सूचना वाचल्या जातात त्या बहुतेक क्लेम अडकल्यावरच. तीन दिवसांची मुदत समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियमांतूनही येते. ती चुकली म्हणून वाहतूकदारावरचा हक्क संपत नाही, पण माल ठीकठाक दिला गेला असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं.

त्याच दुपारी दोन मेल गेले. एक विमा प्रमाणपत्रावर नाव असलेल्या सर्व्हे एजंटला, पाहणीची विनंती करणारा. दुसरा जहाज कंपनीच्या स्थानिक एजंटला, नुकसानीला जबाबदार धरणारा आणि पाहणीला बोलावणारा. विमा कंपनीला गेलेली ही पहिली खबर म्हणजे दावा नव्हे. तिच्यात रक्कम नव्हती, कारणाचा अंदाजही नव्हता. काय दिसलं एवढंच होतं. घाईने ‘समुद्राचं पाणी’ किंवा ‘पाऊस’ असं लिहून टाकलं आणि पाहणीत वेगळंच निघालं, तर नंतरच्या पत्रात आपलंच आधीचं वाक्य खोडत बसावं लागतं.

सर्व्हेअरने काय पाहिलं

सर्व्हेअर 6 मार्चला आला. छिद्र छताच्या पुढच्या कोपऱ्याजवळ होतं, कडा आतल्या बाजूला वळलेल्या. क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे कंटेनर उचलणारी चौकट, कंटेनरच्या कोपऱ्यात नीट न बसता पत्र्यावर टेकला की असं छिद्र पडतं. कडांवर गंज होता तो पातळ आणि ताजा. जुन्या छिद्राचा गंज जाड असतो, त्याच्या खपल्या निघतात.

छिद्राखालची चार पॅलेट, वरच्या थरातली दोन आणि त्यांच्याखालची दोन, आरपार भिजली होती. शेजारच्या दोन पॅलेटची फक्त छिद्राकडची खोकी ओली होती. वेगळी केल्यावर ती 32 भरली. म्हणजे या भागात एकूण 192 खोकी.

मग त्याने सिल्व्हर नायट्रेटची चाचणी केली. ओल्या जागी या द्रावणाचे थेंब टाकले आणि तिथे क्लोराइड असेल, तर पांढरा, दुधासारखा साका येतो. छिद्राखालच्या प्रत्येक नमुन्यावर तो आला. चाचणी सोपी आहे, म्हणूनच ती ढिसाळपणे केली जाते. ती क्लोराइड दाखवते, समुद्र दाखवत नाही. हाताच्या घामानेही ती पांढरी होते, कागदाच्या प्रक्रियेतल्या क्षारांनीही होऊ शकते. सर्व्हेअरने हातमोजे घातले होते आणि त्याच मालाच्या कोरड्या खोक्यावर आधी चाचणी घेतली होती. तिथे द्रावण स्वच्छ राहिलं. शिवाय भिजलेल्या कागदाचे तुकडे सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या अहवालात क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम आणि सल्फेटही निघालं, आणि समुद्राच्या पाण्यात ही तिन्ही असतात. कोरड्या खोक्याची चाचणी झाली नसती, तर हा सगळा पुरावा विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञाने एका प्रश्नात उडवला असता.

इथवर गोष्ट सरळ होती. मग दाराजवळच्या एका पॅलेटवर वरच्या थरातली 8 खोकी दमट सापडली. तिथे छताला छिद्र नव्हतं, दाराचं रबर शाबूत होतं, सिल्व्हर नायट्रेटने काही दाखवलं नाही. छताच्या आतल्या बाजूला सुकलेल्या थेंबांच्या ओळी होत्या. सर्व्हेअरने पॅलेटच्या लाकडात ओल मोजण्याच्या यंत्राच्या सुया रोवल्या आणि 28 टक्के आकडा आला. कंटेनरमध्ये जाणारं लाकूड 20 टक्क्यांच्या आत असावं असा सर्वसाधारण दंडक आहे. लाकडावर कीडनाशक उष्णता प्रक्रियेचा शिक्का होता, आणि नेमका तोच फसवतो. लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटं तापवला, एवढंच तो शिक्का सांगतो. लाकूड वाळलं होतं असं तो म्हणत नाही.

म्हणजे एकाच कंटेनरमध्ये दोन वेगळी पाणी होती.

एकत्र मागायचं की वेगळं?

आयातदाराच्या कार्यालयात यावर वाद झाला. हिशेबनीसाचं म्हणणं असं की आठ खोक्यांसाठी वेगळा कागद कशाला? 200 खोकी भिजली असं लिहू, कंटेनरला छिद्र होतंच. सर्व्हे रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी असल्या तरी इतक्या लहान आकड्यावर कोण अडेल?

माझ्या मते हीच ती जागा, जिथे चांगले दावे बिघडतात. क्लेम तपासणारा पत्र आणि रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचतो. पत्रात 200 खोकी समुद्राच्या पाण्याने भिजली असं असेल आणि रिपोर्टमध्ये 8 खोक्यांवर मीठ सापडलं नाही असं असेल, तर त्याचं लक्ष त्या आठांवर जातं आणि तिथून तो उरलेल्या 192 कडे संशयाने पाहू लागतो. लाकडाची ओल सगळ्याच पॅलेटमध्ये होती. मग बाकीचं नुकसानही थोडंफार तिचंच नसेल कशावरून? हा प्रश्न त्याने विचारण्याआधी आपणच दोन भाग वेगळे मांडले, तर तो उभाच राहत नाही.

आठ खोकी मुळीच मागायची नाहीत, हाही एक पर्याय होता. पण तेव्हा विक्रेत्याने लाकडाबद्दल काहीच खुलासा दिला नव्हता आणि हक्क सोडून देण्याचं कारण नव्हतं. म्हणून ती भाग दोनमध्ये गेली, कारणाचा आग्रह न धरता.

रक्कम कशी काढली

भिजलेला माल विमा कंपनीच्या लेखी संमतीने, तीन खरेदीदारांकडून दर मागवून, रद्दी म्हणून विकला. खोक्यामागे 3.75 डॉलर आले. 192 खोक्यांचे 720 आणि 8 खोक्यांचे 30.

आता विमा मूल्यातून हे 720 सरळ वजा करावेत असं वाटतं. 192 खोक्यांचं विमा मूल्य 6,336, त्यातून 720 गेले की 5,616 उरतात. व्यवहारात असंही होतं, विशेषतः माल वाटेतच विकावा लागला तर. पण मुक्कामी खराब पोचलेल्या मालासाठी 1906 च्या ब्रिटिश मरीन इन्शुरन्स कायद्यातली रीत वेगळी आहे. चांगला माल त्या ठिकाणी कितीला गेला असता आणि खराब माल कितीला गेला, यावरून घसाऱ्याची टक्केवारी काढायची आणि ती विमा मूल्याला लावायची. पोचण्याच्या दिवशी चांगल्या खोक्याचा बाजारभाव 37.50 डॉलर होता. म्हणजे 7,200 चा माल 720 ला गेला, घसारा 90 टक्के. 6,336 चे 90 टक्के म्हणजे 5,702.40 डॉलर.

फरक 86.40 चाच आहे. पण बाजारभाव विमा मूल्याच्या खूप वर किंवा खूप खाली गेला असेल तेव्हा हाच फरक मोठा होतो, आणि खाली गेलेल्या बाजारात तो उलट्या दिशेने जातो. कुठली रीत वापरली ते पत्रात लिहावं. नुसता आकडा दिला, तर समोरचा त्याला सोयीची रीत वापरतो.

यात माल वेगळा करण्याची मजुरी 180 आणि सर्व्हे फी 350 मिळवली. पॉलिसीतली स्वतः सोसायची रक्कम, पूर्ण खेपेच्या विमा मूल्याच्या अर्धा टक्का म्हणजे 132, वजा केली. भाग एकची मागणी 6,100.40 डॉलर झाली. भाग दोन त्याच रीतीने 264 चे 90 टक्के, 237.60.

पत्र

पत्र 28 मार्चला गेलं. त्याचा पाठवण्याआधीचा मसुदा इथे पूर्ण देतो, क्रमांक आणि नावं गाळून.

> प्रति,
> दावे विभाग, … विमा कंपनी
>
> विषय: विमा प्रमाणपत्र क्र. … अंतर्गत नुकसानभरपाईचा दावा. जहाज …, बिल ऑफ लेडिंग क्र. …, दिनांक 2 फेब्रुवारी, कंटेनर क्र. …, कोटेड छपाई कागद, 20 पॅलेट.
>
> महोदय,
>
> वरील खेपेतील नुकसानीची खबर आम्ही 4 मार्च रोजी आपल्या सर्व्हे एजंटमार्फत दिली होती. त्या खबरीस अनुसरून हा औपचारिक दावा सादर करीत आहोत. विमा प्रमाणपत्र विक्रेत्याने मागे सही करून आमच्याकडे हस्तांतरित केले आहे (जोडपत्र 1). संरक्षण इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ प्रमाणे आहे.
>
> कंटेनर विक्रेत्याच्या गोदामात भरण्यापूर्वी रिकामा तपासण्यात आला. त्या वेळच्या आतील फोटोंत छत अखंड दिसते (जोडपत्र 5). बिल ऑफ लेडिंगवर मालाच्या किंवा कंटेनरच्या स्थितीबद्दल प्रतिकूल शेरा नाही (जोडपत्र 4). कंटेनर 4 मार्च रोजी मूळ सीलसह आमच्या गोदामात आला. दार उघडताच छताच्या पुढील कोपऱ्याजवळ छिद्र व खालील माल ओला आढळला. डिलिव्हरी पावतीवर त्याच वेळी तसा शेरा लिहिला आहे (जोडपत्र 6).
>
> बंदराच्या फाटकावरील कंटेनर हस्तांतर पावतीत कंटेनर सुस्थितीत असल्याची नोंद आहे (जोडपत्र 7). ही नोंद जमिनीवरून केलेल्या पाहणीची आहे व त्या पावतीत छत तपासल्याचा उल्लेख नाही. छिद्राखालील सर्व नमुन्यांत समुद्राच्या पाण्याचे क्षार आढळले असून (जोडपत्र 8 व 9) असे पाणी फाटकानंतरच्या रस्त्याच्या प्रवासात छतातून आत येणे शक्य नाही. सबब छिद्र फाटकापूर्वीचे आहे.
>
> भाग एक. समुद्राच्या पाण्याने भिजलेली 192 खोकी. विमा मूल्य 6,336 डॉलर, मुक्कामी बाजारभावाच्या तुलनेत घसारा 90 टक्के, नुकसान 5,702.40 डॉलर. वर्गीकरणाची मजुरी 180 व सर्व्हे फी 350 मिळवून, स्वतः सोसावयाची 132 वजा जाता मागणी 6,100.40 डॉलर (जोडपत्र 2, 3, 10, 11 व 12).
>
> भाग दोन. दाराजवळील पॅलेटवरील 8 दमट खोकी. या ठिकाणी क्षार आढळलेले नाहीत. या ओलीचे कारण भाग एकपेक्षा वेगळे असल्याचे आम्ही मान्य करतो व तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावा अशी विनंती करतो. मागणी 237.60 डॉलर.
>
> उरलेली 500 हून अधिक खोकी कोरडी व विक्रीयोग्य असून त्यांबाबत कोणताही दावा नाही.
>
> वाहतूकदारास 4 मार्च रोजी लेखी सूचना दिली असून त्याच्यावरील दाव्याची प्रत व त्याचे उत्तर जोडले आहे (जोडपत्र 13). त्याच्यावर कारवाईची मुदत डिलिव्हरीपासून एक वर्षाची आहे, याकडे आपले लक्ष वेधतो. भरपाई मिळताच आमचे हक्क आपल्याकडे देण्याचे पत्र आम्ही करून देऊ.
>
> आपले विश्वासू,
> …
>
> जोडपत्रे
> 1. विमा प्रमाणपत्र, मूळ प्रत, मागील हस्तांतराच्या सहीसह
> 2. विक्रेत्याचे इनव्हॉइस
> 3. पॅकिंग लिस्ट व वजनाचा तक्ता
> 4. बिल ऑफ लेडिंगची प्रत (मूळ प्रत डिलिव्हरीसाठी वाहतूकदारास दिली)
> 5. कंटेनर भरण्यापूर्वीचे व भरतानाचे फोटो
> 6. डिलिव्हरी पावती, शेऱ्यासह, सीलचा फोटो
> 7. बंदराच्या फाटकावरील कंटेनर हस्तांतर पावती
> 8. सर्व्हे रिपोर्ट, फोटोंसह
> 9. प्रयोगशाळेचा अहवाल
> 10. साल्व्हेजसाठी आलेले तीन दर, आपली संमती, विक्रीचे बिल, वजनकाट्याची पावती
> 11. चांगल्या मालाच्या बाजारभावाचा पुरावा: त्याच आठवड्यातील दोन विक्री बिले
> 12. मजुरीचे बिल व सर्व्हे फीची पावती
> 13. वाहतूकदाराशी झालेला पत्रव्यवहार

एक गोष्ट या मसुद्यात चुकली होती आणि ती पाठवण्याआधी सापडली. ‘500 हून अधिक’ हे मोघम आहे. एकूण खोकी 800, खराब 200, म्हणजे कोरडी 600. अंतिम प्रतीत ‘600’ घातलं. क्लेमच्या पत्रात ‘सुमारे’ आणि ‘हून अधिक’ आले की तपासणारा तिथे पेन्सिलने खूण करतो.

जोडपत्रांचा क्रम असा का

अशा याद्या बहुतेक कागद ज्या क्रमाने फाइलमध्ये सापडले त्याच क्रमाने येतात. इथे प्रत्येक जोडपत्राला पत्रातलं एखादं वाक्य आहे आणि पुराव्याचं ओझं असलेल्या प्रत्येक वाक्याला जोडपत्र. अशी जुळणी करताना कुठला कागद नाही ते आपोआप कळतं. जोडपत्र 5 तसंच आलं. ‘कंटेनर भरताना छत अखंड होतं’ हे वाक्य लिहिलं आणि त्याला आधार नाही हे ध्यानात आलं, म्हणून विक्रेत्याकडून फोटो मागवले. हे फोटो आणखी एका कामाचे होते. कंटेनर सदोष असल्याचं माहीत असूनही दावेदाराने त्यात माल भरला असेल, किंवा विमा सुरू होण्याआधीच तो भरला गेला असेल, तर क्लॉजेसमधलं कंटेनरच्या अयोग्यतेचं वगळणं पुढे येऊ शकतं. फोटोंनी तो मार्ग बंद झाला.

बिल ऑफ लेडिंगबद्दलही लोक अडखळतात. विमा कंपनीच्या यादीत ‘मूळ’ असं लिहिलेलं असतं आणि मूळ प्रत तर माल सोडवताना द्यावीच लागते. कंसातलं वाक्य त्यासाठी आहे. ते नसेल तर कागद अपुरा म्हणून फाइल परत येते, आणि त्यात आठवडे जातात.

विरुद्ध जाणारा कागदही आपणच जोडला, हे काहींना पटत नाही. पण फाटकावरची पावती वाहतूकदाराकडे असतेच. विमा कंपनी नंतर त्याच्याकडून वसुली करायला जाते तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्या हातात दिसावी, यापेक्षा आपल्या पत्रात स्पष्टीकरणासह आलेली बरी. रस्त्यावरचं वाक्य लिहिताना मात्र जपावं लागतं. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि चाकांनी उडालेल्या पाण्यातही क्लोराइड असतं. ते पाणी कंटेनरच्या तळाला आणि बाजूंना लागतं. म्हणून पत्रात नुसतं ‘शक्य नाही’ न लिहिता ‘छतातून आत येणे शक्य नाही’ असं लिहिलं.

उत्तर

विमा कंपनीकडून दोन शंका आल्या. पहिली वजनाची. वजनकाट्याच्या पावतीवर 200 खोक्यांच्या रद्दीचं वजन 5.6 टन होतं, इनव्हॉइसप्रमाणे 200 खोकी म्हणजे 5 टन. जास्तीचा माल रद्दीत घातला का? सर्व्हेअरने एका ओळीत उत्तर दिलं की फरक कागदाने शोषलेल्या पाण्याचा आहे आणि खोकी मोजूनच बाहेर गेली, मोजणीवर त्याची सही आहे. पत्रात हे आधीच लिहायला हवं होतं. भिजलेल्या कागदाचं, कापडाचं किंवा धान्याचं वजन वाढतंच, आणि टेबलाशी बसून फक्त आकडे पाहणाऱ्याला ते खटकणारच.

दुसरी शंका भाग दोनची. लाकडातली ओल, छताच्या आतले थेंब आणि मिठाचा अभाव बघता कंपनीने अपुऱ्या पॅकिंगचं वगळणं लावलं. पॅकिंग विमा सुरू होण्याआधी विक्रेत्याने केलेलं होतं, त्यामुळे ते वगळणं लागूही होत होतं. आयातदाराने यावर वाद घातला नाही. 237.60 डॉलरची मागणी त्याने खरेदी कराराच्या आधारे विक्रेत्याकडे वळवली आणि सर्व्हे रिपोर्टमधलं ओलीच्या मोजणीचं पान सोबत जोडलं.

भाग एक पूर्ण मंजूर झाला. पैसे देताना कंपनीने हक्क हस्तांतराच्या पत्रावर सही घेतली आणि वाहतूकदारावरची फाइल आपल्याकडे घेतली. हेग-व्हिस्बी नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी नगामागे 666.67 एसडीआर किंवा किलोमागे 2 एसडीआर, यांपैकी जास्त असेल तेवढ्यापर्यंत असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे आणि त्याचं मूल्य डॉलरपेक्षा जास्त भरतं. 25 किलोच्या एका खोक्यासाठी वजनावरून 50 एसडीआर होतात, खोक्याच्या 33 डॉलर विमा मूल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे इथे ही मर्यादा आड येत नव्हती. आडवी येऊ शकली असती ती एक वर्षाची मुदत, आणि वाहतूकदाराने लेखी मुदतवाढ दिल्याने तीही पुढे गेली.